सही मात्र नाही

लोटन कुणासाठी सही करत नसे. जामीन म्हणून नाही, साक्षीदार म्हणून नाही, आणि बँकेत 'याला मी ओळखतो' असं लिहून द्यायलाही नाही. त्याचे वडील एकदा चुलतभावाला सोसायटीत जामीन राहिले होते. चुलतभाऊ सुरतेला निघून गेला आणि वसुलीवाल्यांनी विहिरीवरचं ऑईल इंजिन उचलून नेलं, ते वडिलांचं. मरेपर्यंत म्हातारा एकच सांगत राहिला, "पोटाले चिमटा काढी दे, पन सही देऊ नको."

लोटनने ते गाठीशी बांधलं होतं. जळगावात मेहरूणच्या रस्त्याला त्याचं विहिरीवरच्या जळक्या विजेच्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. पाटीवर 'लोटन मोटर वायंडिंग वर्क्स' असं निळ्या अक्षरांत लिहिलेलं. उन्हाळा लागला, विजेचा दाब पडला, की केळीच्या पट्ट्यातून जळक्या मोटारी यायला सुरुवात व्हायची. लोटन त्या उघडायचा, काळी पडलेली तार कापून काढायचा आणि खाचाखाचांतून नवी तांब्याची तार भरायचा. हात सफाईचा होता. त्याने भरलेली मोटर परत फारशी यायची नाही.

शेजारी कय्युमचं लेथचं दुकान. मोटारीचा शाफ्ट झिजला, बेअरिंगची जागा सैल झाली, की लोटन ती कय्युमकडे टाकायचा. दोघांचा चहा एकाच किटलीतून यायचा. तरी दोन वर्षांपूर्वी कय्युमला नवं लेथ घ्यायला कर्ज हवं होतं तेव्हा लोटनने जामीनकी नाकारली होती.

"कय्युमभाई, तू मागशील ते देईन. सही मात्र नाही."

कय्युमने त्यावर वाद घातला नाही. "ठीक आहे. बाकी काय देशील ते तर सांग," एवढं म्हणाला आणि हसला. पुढे त्याने मेहुण्याला उभं करून कर्ज काढलं. मग लोटन काही नाकारायला लागला की कय्युम फक्त "सही मात्र नाही का?" असं विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

अभिमन आला तो १९९२ च्या दिवाळीनंतर. आयटीआयला लोटन आणि तो एका बाकावर बसलेले. अभिमन पाचोऱ्याचा. इलेक्ट्रिशियन होऊनही त्याने कधी वायर सोलली नाही, तो बोलायचा. आता म्हणे विहिरीत सोडायच्या पाणबुडी मोटारींची एजन्सी घेत होता. कंपनीकडून सवलतीत मोटारी मिळणार, धुळे तालुक्यात गावोगाव बुकिंग घ्यायचं, उन्हाळ्याआधी माल पोहोचवायचा.

"पण अडचण आहे रे लोट्या. शेतकरी रोख द्यायला घाबरतो. ड्राफ्ट काढतो म्हणतो. ड्राफ्ट भरायला चालू खातं लागतं. खातं काढायला बँक म्हणते, आधीच्या खातेदाराची ओळख आणा. तू सही कर, दोन मिनिटांचं काम."

"सही मागू नको, अभिमन."

"अरे, मी काय कर्ज काढतोय?"

"काही असू दे. तुला माहीत आहे आमच्या घरचं."

 चहा पिताना अभिमनची नजर वर पाटीकडे गेली. बराच वेळ ती तिथेच होती.

"बरं, सही नको," तो म्हणाला. "ड्राफ्ट तुझ्या दुकानाच्या नावाने येऊ देत. तुझं चालू खातं आहेच. तू भर, वटला की काढून मला दे. माझी एजन्सी कागदावर आली की माझं खातं मी काढीन. तुला कुठे सही करायची नाही, कुणाची ओळख द्यायची नाही. काही नाही."

लोटनला हे पटलं. पटलं म्हणजे, त्याला खरोखर सुटल्यासारखं वाटलं. मित्राला नाही म्हणायचा संकोचही गेला आणि बापाचा शब्दही राहिला. खातं आपलं, पैसे त्याचे. इकडून आले, तिकडून गेले. पाइपातून पाणी गेल्याने पाइपाचं काय जातं?

"पण माझ्याच नावाने कशाला काढतील लोक ड्राफ्ट?" त्याने एवढं विचारलं होतं.

"मोटारीचं दुकान आहे म्हटलं की भरवसा बसतो. तुझं नाव चांगलं आहे, लोट्या."

हे ऐकायलाही बरं वाटलं.

हिवाळाभर ड्राफ्ट येत राहिले. लोटन स्लिप भरून ते खात्यात टाकायचा, दोन-तीन दिवसांनी स्वतःच्या नावाचा चेक लिहून रोख काढायचा आणि अभिमनच्या पिशवीत घालायचा. अभिमन दर वेळी पाचशेची रक्कम खात्यातच सोडायला लावायचा. "चहापाण्याला राहू दे. फुकट राबवत नाही मी मित्राला." लोटनने नको नको म्हटलं, पण फार जोर लावून नाही.

मार्चमध्ये शेवटचा ड्राफ्ट आला. तो वटला, पण पैसे न्यायला अभिमन आला नाही.

त्याच्याऐवजी एक बाई आली. साठीची, उन्हाने रापलेली, हातात दोरीने बांधलेली पिशवी. धुळ्याकडून एसटीने आली होती. दुकानासमोर उभी राहून तिने पाटी वाचवून घेतली. शेजारच्या पानवाल्याला दोनदा विचारलं आणि मग पायरी चढली.

"तूच लोटन शे का रे भाऊ?"

"हो, अक्का. बसा. काय जळालं?"

"जळनं नही काही. मनी नवी मोटर कधी भेटी ते इचाराले उनू."

लोटनला समजेना. बाईचं नाव धुरपदाबाई. पिशवीतून तिने ड्राफ्टची बँकेतली पावती काढली. तिच्या घामाने ती मऊ पडली होती. पैसे मिळावेत असं नाव लिहिलेलं: लोटन मोटर वायंडिंग वर्क्स.

"अक्का, ही मोटर अभिमन देणार होता. एजन्सी त्याची आहे. माझा संबंध नाही."

"कोन अभिमन? तो पोऱ्या उना व्हता गावमा, खरं. पन त्याले मी वळखत नही. नाव तुनं शे."

"नाव माझं आहे, पण पैसे त्याला दिले मी."

"मी तुले दिधात ना पैसा?"

"अक्का, तुम्हाला कसं सांगू..."

"सांगू नको. मोटर दे, नहीतर पैसा दे. शेजारना निंबानी बी पैसा भरेल शेतस. सगळा पैसा तुनाच नाववर."

लोटनचा आवाज चढला. मी कुणाकडून काही घेतलं नाही, अभिमनला शोधा, माझ्या दुकानात येऊन मला चोर ठरवू नका. तोंडातून एवढं निघून गेलं. धुरपदाबाईने पावती घडी करून पुन्हा दोरीत बांधली. ओरडली नाही. पायरी उतरताना फक्त म्हणाली, "बरं भाऊ. मंग इचारतस दुसरीकडे."

दुसऱ्या दिवशी लोटन पाचोऱ्याला गेला. अभिमनच्या खोलीला कुलूप होतं आणि घरमालक स्वतःच त्याला शोधत होता. लोटन परत आला. शेवटच्या ड्राफ्टचे पैसे त्याने खात्यातच ठेवले, हात लावला नाही. हे आपल्या प्रामाणिकपणाला पुरे आहे असं त्याला वाटलं.

एप्रिलच्या मध्यावर मोतीलालशेठचा मुनीम दुकानात आला. मोतीलालशेठ म्हणजे जळगावातले तांब्याच्या तारेचे ठोक व्यापारी. लोटन त्यांच्याकडून किलोवर तार घ्यायचा आणि चेक द्यायचा. आजवर एकही परत गेला नव्हता. मुनीमाने काउंटरवर परत आलेला चेक ठेवला. त्याला बँकेची चिठ्ठी टाचलेली होती.

"शेठ म्हणाले, काहीतरी चुकलं असेल. पण तोवर तार रोखीने."

लोटन तसाच बँकेत गेला. पैसे होते खात्यात. तारेसाठी साठवलेले होते, शिवाय ते अभिमनचे पडून होते. मॅनेजरने त्याला आत बसवलं, ही वागणूक नेहमीची नव्हती.

"धुळे तालुका पोलिसांचं पत्र आलंय. तुमच्या खात्यातून एक रुपया बाहेर जाऊ द्यायचा नाही. जमा होईल, निघणार नाही."

"साहेब, त्यात माझे स्वतःचे पैसे आहेत. दुकानाचे."

"असतील."

"मग तेवढे तरी द्या. त्याचे तेवढे ठेवा."

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने टेबलावरचा पाण्याचा पेला हाताने जरा सरकवला. "दुधात पाणी घातल्यावर मी तुम्हाला दूध तेवढं कसं काढून देऊ? नोटांवर नाव नसतं. खात्यावर असतं. तिथे तुमचंच आहे."

"मी कुठे सही केली नाही हो कुणासाठी."

"पंधरा चेकांवर केलीत की. रोख काढताना सही कुणाची होती?"

लोटन उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"पोलिसांचं दुसरं पत्र आणा, नाहीतर कोर्टाचा हुकूम," मॅनेजर म्हणाला. "माझ्या हातात तिसरं काही नाही. आणि एक सांगतो, वकील घेऊन जा. एकटे जाऊ नका."

लोटन वकील न घेता धुळ्याला गेला. वकील घ्यायला आपण काय केलंय, ही त्याची समजूत होती. तालुका पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात त्याला दुपारपर्यंत बसवलं. फौजदार बाहेर गेलेत, येतील, आले, जेवताहेत, जेवले, फोनवर आहेत. आत बोलावल्यावर फौजदाराने एकेक ड्राफ्टचं नाव वाचलं आणि प्रत्येक नावापुढे बोट ठेवून विचारलं, "आला?"

"आला."

"काढला कोणी?"

"मी. पण दिला अभिमनला."

"पावती?"

"मित्राची कसली पावती, साहेब?"

"बरं. तुला काय मिळालं?"

लोटन खोटं बोलला नाही. "दर वेळी पाचशे. चहापाण्याला."

फौजदाराने मान वर केली. लेखनिकाला म्हणाला, "हे नीट लिही."

तेव्हा लोटनच्या लक्षात आलं की आपण सांगितलेली खरी गोष्टच आपल्या विरोधात जाऊन बसली. तो घाईने म्हणाला, "साहेब, हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी झालं."

"संन्याशाच्या झोळीत चोरीचा माल निघाला, आणि वर संन्याशाने दलाली घेतली, तर फौजदाराने काय करायचं?" फौजदार शांतपणे म्हणाला. "लोकांनी अभिमनला पाहिलं एकदा. नाव त्यांनी तुझं वाचलं. तुझ्या दुकानाचं नाव बघून पैसे टाकले. मला सांग, तुझं दुकान नसतं, तर एकाने तरी टाकले असते?"

 हेच दिवाळीनंतर अभिमनच्या तोंडून लोटनला गोड लागलं होतं.

मग वकील. धुळ्यातला, कोर्टासमोर टेबल टाकलेला, सरळ बोलणारा. "चारशे वीस लागलंय, सोबत दोघांनी मिळून केल्याचं कलम. पोलीस अटक करू शकतात. आधी अटकपूर्व जामीन. मग खातं मोकळं करण्याचा अर्ज, मॅजिस्ट्रेटपुढे. दुकानाची बिलं आणा, तार कुठून घेतली, मोटारी कुणाच्या भरल्या, सगळं. तुमचा पैसा तुमचा आहे हे तुम्हालाच दाखवायचंय."

"मला हे सगळं माहीतच नव्हतं, वकीलसाहेब. मी फसलो."

"ते खटल्यात सांगायचं. माहीत होतं की नव्हतं, यावरच सगळं आहे. पण ती बाई तुमच्या दुकानात येऊन गेली ना? तिची तक्रार ऐकून तुम्ही त्याच दिवशी स्वतः ठाण्यात गेला असता, तर आज फिर्यादीच्या बाकावर असता. तुम्ही गेलात पाचोऱ्याला."

उन्हाळा चढत गेला. त्या वर्षी मोटारी जास्तच जळल्या. रावेरकडून, चोपड्याकडून बैलगाडीतून, ट्रॅक्टरमधून दुकानासमोर येऊन पडायच्या आणि लोटनकडे तार नसायची. रोखीने दोन-चार किलो आणायचा, एखादी मोटर भरायचा, तेवढ्यात धुळ्याची तारीख यायची. अटकपूर्व जामीन मिळाला तो दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावण्याच्या अटीवर. सोमवार म्हणजे पूर्ण दिवस: सकाळची एसटी, पारोळ्याला थांबा, व्हरांडा, हजेरीच्या कागदावर सही, परतीची गर्दी. सही. आता आठवड्याला एक ठरलेलीच.

शेतकरी थांबायचे, चिडायचे, मोटर उचलून दुसरीकडे न्यायचे. एकाने तर तोंडावर म्हटलं, "लोटनभाऊ, तुमच्याकडे ठेवली तर मोटर बी अडकायची बँकेत." माणसं हसली. लोटनही हसला, आणि मग हातातला पाना टेबलावर इतक्या जोरात टाकला की हसणं थांबलं.

एका सोमवारी ठाण्याच्या आवारात धुरपदाबाई भेटली. जबाबाला आली होती. लिंबाच्या सावलीत बसून भाकर खात होती. लोटन तिच्यापाशी गेला.

"अक्का, तुमचा ड्राफ्ट शेवटचा होता. तुमचे पैसे खात्यात तसेच आहेत. मी हात नाही लावला. तुम्हाला ते मिळतील."

"कधी?"

"कोर्ट सांगेल तेव्हा."

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "मंग मना पैसा बी अटकेल, तुना बी अटकेल. मजा त्यानीच करी." थोड्या वेळाने म्हणाली, "तू चोर शे असं माले वाटत नही. पन मी नाव लिखाडं ते खोटं लिखाडं का?"

"नाही, अक्का."

"मंग झालं."

 लोटन तिथून निघाला आणि हजेरीच्या रांगेत उभा राहिला.

जूनच्या तोंडावर खात्याचा हुकूम झाला. पूर्ण मोकळं नाही. धुरपदाबाईच्या ड्राफ्टची रक्कम खात्यात तशीच राहील. बाकीच्या पैशातून दुकानाचा व्यवहार चालवायला परवानगी. पण खटल्याचा निकाल विरुद्ध गेला तर तेवढे पैसे भरून देईन असा बंधपत्राचा कागद द्यायचा, आणि त्यासाठी एक ऐपतदार जामीन आणायचा.

"कसला जामीन?" लोटनने विचारलं.

"माणूस," वकील म्हणाला. "तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला असलेला. तुमच्यासाठी सही करणारा. अटकपूर्वच्या वेळी तुमच्या मामांनी केली, त्यांची ऐपत तिथेच संपली. दुसरा आणा."

लोटन एसटीत बसला आणि जळगावपर्यंत मनात माणसं मोजत आला. मोतीलालशेठ नाही म्हणाले, ते बरोबरच होतं. आयटीआयच्या दुसऱ्या एका मित्राने आईचं दुखणं काढलं. गावाकडच्या भावकीत एकाने तर थेट सांगितलं, "तुमच्याच घरनी शिकवण शे, भाऊ. आम्ही तुमच्या आबाकडूनच शिकनूत." याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. चेहरा ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी कय्युमपुढे आपला चेहरा असाच झाला असणार.

कय्युमला त्याने विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार? चहाची किटली आली, दोन पेले भरले, आणि लोटन न पिता बसून राहिला. लेथ थांबवून कय्युम फडक्याने हात पुसत बाहेर आला.

"तुझा तो जामिनाचा कागद कुठे आहे?"

"कोणी सांगितलं तुला?"

"अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. मलाच तेवढं विचारायचं राहिलंय वाटतं."

"कय्युमभाई, मी तुला नाही म्हणालो होतो."

"म्हणाला होतास. मला पाठ आहे." कय्युमने पेला उचलला. "माझं घर आहे माझ्या नावावर, तहसीलमध्ये दाखला मिळेल. गुरुवारी दुकान बंद ठेवतो, धुळ्याला जाऊ."

"खटला उलटला तर तुझ्याकडून वसूल करतील. विचार कर. अजून कसलाच भरवसा नाही. अभिमन सापडलेला नाही."

"केला विचार. कागद वाचून सही करणार, किती रकमेपर्यंत आहे ते बघून. जामीन झालो की मला माहीत असतं मी कुठवर बुडणार." तो चहा पिऊन पेला खाली ठेवत म्हणाला, "तू खातं दिलंस, त्यात तर आकडाच नव्हता."



गुरुवारी धुळे कोर्टात कय्युमने सही केली. कारकुनाने जामीनदाराचं नाव, बापाचं नाव, धंदा विचारला. आरोपीला किती वर्षांपासून ओळखता, असंही विचारलं.

"बारा वर्षं. रोज दोन चहा," कय्युम म्हणाला.

कारकुनाने फक्त वर्षं लिहिली.

खातं सुरू झालं तेव्हा पाऊस येऊन गेला होता, विहिरींना पाणी होतं आणि मोटारी जळायच्या थांबल्या होत्या. दुकानाच्या मागे तीन-चार मोटारी राहिल्या होत्या, मालकांनी नेल्याच नव्हत्या. लोटनने तार आणली, रोखीने, कारण मोतीलालशेठ अजून चेक घेत नव्हते. सोमवारची हजेरी चालूच होती. खटल्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली.

कय्युम एकदा हातात कागद घेऊन आला. त्याचं एक गिऱ्हाईक बाहेरगावचं होतं, चेक आणला होता, पण इथे खातं नव्हतं.

"लोटनभाऊ, हा म्हणतो, एवढ्या एका वेळी कुणाच्या तरी खात्यावर..."

लोटनने मान वर केली. कय्युमचं तोंड गंभीर होतं, मिशा मात्र हलत होत्या.

"त्याला बँकेत ने," लोटन म्हणाला. "स्वतःचं खातं काढू दे. ओळख लागली तर..." तो थांबला. हातातली तार त्याने खाचेत नीट दाबून बसवली. "आधी बघतो माणूस कोण आहे ते. पटला तर सही करीन."

"आणि खातं?"

"खातं मात्र नाही."